शंभरातले चोवीस कोणाचे?

ज्या घरांत चार पैसे कंपन्यांच्या भागांत, म्हणजे शेअरांत, गुंतविलेले असतात, त्या घरांत वार्षिक अहवाल हाती आला म्हणजे प्रथम नफ्याचा आकडा पाहण्याची रीत आहे. तो आकडा मोठा दिसला की वडील मंडळी समाधान पावतात आणि अहवाल बाजूला पडतो. परंतु ज्या कंपनीच्या पोटी दुसऱ्या कंपन्या आहेत, तिच्या एकत्रित हिशेबातील तो मोठा आकडा सर्वस्वी आपल्या कंपनीचा असतोच असे नाही. त्याच्याच खाली दोन ओळी असतात. एकीत मूळ कंपनीच्या मालकांचा नफा आणि दुसरीत परक्यांचा. या दुसऱ्या ओळीस पूर्वी ‘मायनॉरिटी इंटरेस्ट’ म्हणत; हल्लीच्या हिशेबनियमांत तिला ‘नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट’ असे नाव आहे. आम्ही तिला सोयीसाठी ‘अल्पहिस्सा’ म्हणू.

सोलापूरकरांस यासाठी दूर जावयास नको. मोटारीच्या इंजिनातील झडपा वेळच्या वेळी उघडणारा व मिटणारा जो दांडा असतो, त्यास कॅमशाफ्ट म्हणतात. तो ओतून व घडवून देशोदेशी पाठविणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरची. 2016 साली तिचे भाग शेअरबाजारात आले. त्यानंतर 2017 साली तिने नाशिकच्या मेम्को इंजिनिअरिंगचे 95 टक्के भाग घेतले. 2018 साली जर्मनीतील एम. एफ. टी. या कंपनीचे 76 टक्के आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधील इमॉस या, मालमोटारी विजेवर चालविण्याची यंत्रणा करणाऱ्या, कंपनीचे 51 टक्के भाग घेतले. म्हणजे खरेदीच्या दिवशी नाशिकास शंभरातले पाच, जर्मनीत चोवीस आणि नेदरलँड्समध्ये एकोणपन्नास भाग दुसऱ्यांचे राहिले. हे वाटे कायमचे नसतात. म्हणून ज्या वर्षाचा अहवाल पाहावयाचा, त्याच वर्षाची टक्केवारी पाहिली पाहिजे. उपकंपन्यांची माहिती देणारा ‘ए. ओ. सी. 1’ नावाचा तक्ता अहवालास जोडलेला असतो, त्यात ती सापडते.

आता प्रश्न असा की, शंभरातले शहात्तरच आपले असतील तर हिशेबात शहात्तरच का घेऊ नयेत? आमच्या कित्येक परिचितांस ही शंका येते, आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर घरच्याच उदाहरणाने देता येईल. वाड्यात चुलत्यांचा पाव हिस्सा आहे, पण कारभार सारा आपल्या हाती आहे, अशी कल्पना करा. वाडा कोणास भाड्याने द्यावयाचा, छप्पर केव्हा शाकारावयाचे, हे आपणच ठरवितो; आणि ते ठरविताना वाड्याचा पाऊण भाग शाकारून पाव भाग तसाच ठेवता येत नाही. कंपनीचेही तसेच आहे. हुकमत चालते ती सबंध लेथवर, लेथच्या शहात्तर टक्क्यांवर नव्हे. एकत्रित हिशेब ‘कोणाची हुकमत कशावर’ हे दाखविण्यासाठी असतो, म्हणून उपकंपनीची जिंदगी, कर्ज, विक्री व खर्च हे सारे शंभर टक्के त्यात येते. आणि मग त्यापैकी परक्यांचे किती, ते एका वेगळ्या ओळीत कबूल केले जाते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 129 व्या कलमाने उपकंपनी असणाऱ्या कंपनीस, काही सवलती सोडल्यास, असा हिशेब स्वतःच्या हिशेबाशिवाय वेगळा द्यावा लागतो.

ही ओळ कशी निपजते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पुढील आकड्यांचा कोणत्याही खऱ्या कंपनीशी संबंध नाही. थोरल्या कंपनीने धाकटीचे 76 टक्के भाग 9 कोटी रुपयांस घेतले. त्या दिवशी यंत्रे, जमीन, माल यांची नव्याने किंमत करून आणि देणी वजा जाता धाकटीची निव्वळ मत्ता 10 कोटी भरली. परक्यांचे चोवीस टक्के म्हणजे 2 कोटी 40 लक्ष. थोरलीने दिलेले 9 कोटी व परक्यांचा हा वाटा मिळून 11 कोटी 40 लक्ष होतात. मत्ता तर 10 कोटींचीच. वरचे 1 कोटी 40 लक्ष हे धाकटीच्या नावलौकिकाचे मोल, म्हणजे गुडविल, म्हणून ताळेबंदात मांडावयाचे. थोरलीच्या स्वतःच्या ताळेबंदात ‘धाकटीत गुंतविलेले 9 कोटी’ अशी जी रक्कम असते ती एकत्रित ताळेबंदातून नाहीशी होते, कारण तिच्या जागी धाकटीची खरी मालमत्ताच येऊन बसलेली असते.

परक्यांचा वाटा मत्तेच्या टक्केवारीने न धरता त्यांच्या भागांची त्या दिवशीची वाजवी किंमत धरण्याचीही मुभा इंड ए. एस. 103 या नियमात आहे. ती किंमत 2 कोटी 70 लक्ष ठरली, तर गुडविल 1 कोटी 70 लक्ष होईल. यंत्र एक वाढले नाही, पैसा एक हलला नाही, तरी ताळेबंद तीस लक्षांनी फुगला. दोन कंपन्यांची तुलना करणाऱ्याने कोणी कोणती रीत धरली ते हिशेबाच्या टिपांत पाहून घ्यावे. आम्ही पुढे पहिलीच रीत धरून चालतो.

वर्ष उलटले. धाकटीस 1 कोटी नफा झाला आणि तिने 25 लक्षांचा लाभांश वाटला. परक्यांच्या वाट्यास नफ्यातील 24 लक्ष आले. त्यांपैकी 6 लक्ष लाभांशरूपाने त्यांना रोख मिळाले, ते वजा करावयाचे. 2 कोटी 40 लक्ष अधिक 24 लक्ष उणे 6 लक्ष, बरोबर 2 कोटी 58 लक्ष. पडताळाही सोपा आहे: धाकटीची मत्ता आता 10 कोटी 75 लक्ष, आणि तिचे चोवीस टक्के तेवढेच भरतात.

थोरलीचा स्वतःच्या धंद्यातील नफा 5 कोटी होता असे समजू. तिला धाकटीकडून लाभांशाचे 19 लक्षही मिळाले. पण हे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे, म्हणून एकत्रित हिशेबात ते धरत नाहीत. एकत्रित नफा झाला 6 कोटी. त्यात मालकांचे 5 कोटी 76 लक्ष व परक्यांचे 24 लक्ष. थोरलीचे एक कोटी भाग असतील तर दर भागामागे नफा 5 रुपये 76 पैसे पडतो, 6 रुपये नव्हे. छापील अहवालात दर भागामागील नफा मालकांच्याच आकड्यावरून काढलेला असतो. पण घरी कागदावर आकडेमोड करणारी मंडळी वरचा सहा कोटींचा आकडा उचलतात आणि भाग स्वस्त आहे असे समजून चालतात. अल्पहिस्सा पाच टक्के असेल तर ही चूक क्षम्य होय. तो एकोणपन्नास असून नफ्याचा मोठा भाग त्याच उपकंपनीतून येत असेल, तर ती महागात पडते.

घरातल्या घरात झालेल्या विक्रीकडेही लक्ष ठेवावे लागते. समजा, धाकटीने थोरलीस माल विकला आणि त्यातला काही वर्षअखेर थोरलीच्या कोठारात पडून राहिला. त्या शिलकी मालावर धाकटीने 4 लक्ष नफा धरला आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकास माल गेला नाही तोवर हा नफा खरा नव्हे, म्हणून एकत्रित हिशेबातून तो काढावयाचा. नफा धाकटीच्या वहीतला असल्याने काढलेल्याचा भार दोघांवरही टाकण्याचा प्रघात आहे: परक्यांवर 96 हजार, बाकी थोरलीवर. याउलट थोरलीने धाकटीस माल विकला असता तर सारा भार थोरलीवरच पडता. वर सांगितलेला सोपा पडताळा जुळला नाही आणि फरक लहान असला, तर बहुधा हेच कारण निघते.

नफ्याची वाटणी कोणासही समजते. खरी कसोटी तोट्यात लागते. धाकटीस तोट्यावर तोटा येऊन तिची सर्व मत्ता बुडाली आणि वर 1 कोटीचे देणे उरले, असे धरा. 2001 साली आलेल्या ए. एस. 21 या जुन्या नियमाप्रमाणे परक्यांचा हिस्सा शून्यावर येऊन थांबे. तोटा भरून देण्यास ते करारानेच बांधलेले नसतील, तर पुढला सर्व तोटा थोरलीच्या मालकांच्या नावे पडे. नव्या इंड ए. एस. 110 मध्ये तसे नाही. तेथे परक्यांचा हिस्सा शून्याच्याही खाली जातो, आणि आपल्या उदाहरणात तो उणे 24 लक्ष दिसेल.

या नव्या रीतीस तर्क आहे: अल्पहिस्सा हे कर्ज नसून मालकीचाच एक प्रकार आहे, आणि मालकास जसा नफा तसा तोटा. म्हणूनच तो आता ताळेबंदात भांडवलाच्या सदरात, परंतु थोरलीच्या मालकांपासून वेगळा, दाखवितात; जुन्या नियमात तो भांडवल व देणी या दोहोंपासून अलग असे. पण आमच्या मते वाचकाने येथे सावध राहावे. उणे 24 लक्ष म्हणजे परके 24 लक्ष आणून देणार आहेत असे मुळीच नव्हे. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत भागाचे पैसे पुरे भरल्यावर भागधारकाकडे आणखी मागता येत नाही. धाकटीच्या कर्जास थोरलीने बँकेकडे हमी दिलेली असेल, तर ते सर्व 1 कोटी थोरलीसच फेडावे लागतील. हिशेबात मात्र तिच्या मालकांच्या नावे 76 लक्षच दिसतील. तेव्हा अल्पहिश्श्यापुढे उणे चिन्ह दिसले की लगेच हमीपत्रांची टीप उघडावी, आणि हमी असेल तर तोटा सारा आपलाच असे मनात धरावे.

अखेर थोरली कधी कधी परक्यांचेही भाग विकत घेते. वर 2 कोटी 58 लक्ष म्हणून मांडलेल्या हिश्श्यास तिने 3 कोटी 50 लक्ष दिले असे समजा. सत्ता पूर्वीच तिच्या हाती असल्याने नव्या नियमात याला नवी खरेदी मानीत नाहीत, म्हणून गुडविल वाढत नाही. जास्त दिलेले 92 लक्ष थेट मालकांच्या भांडवलातून वजा होतात. ते नफातोटा पत्रकाच्या वाटेस जातच नाहीत. भाव वाजवी दिला की अवाजवी, हे नफ्याच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी भांडवलातील फेरफारांचे जे पत्रक अहवालात असते, त्यात अल्पहिश्श्याचा रकाना उघडून ती ओळ शोधावी लागते.