मेळाव्याला जायचं, पण कुठल्या टेबलापाशी थांबायचं?

जुलै 2024मध्ये मुंबईत कलिना इथे एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी मालकीच्या कंपनीने थेट मुलाखती ठेवल्या. जागा दोन हजारांच्या आसपास होत्या आणि आलेले लोक त्याच्या कितीतरी पट. चेंगराचेंगरीची वेळ आली, तेव्हा अर्ज ठेवून जा, असं सांगून गर्दी पांगवावी लागली. त्याच महिन्यात गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या एका हॉटेलात जेमतेम दहा जागांसाठी हजारावर पोरं लोटली आणि रेटारेटीत कठडा मोडला. तिथे तर मागणी अनुभवी माणसांची होती. नुकते पास झालेले जे त्या गर्दीत होते, त्यांची खेप घरून निघतानाच वाया गेलेली होती.

त्यामुळे जाहिरातीत आधी पगार पाहायचा नाही. जागा किती, अनुभव किती हवा आणि काम कुठल्या गावात, हे पाहायचं. जिल्हा रोजगार केंद्राच्या मेळाव्यांत हे सोपं जातं, कारण महास्वयम पोर्टलवर मेळाव्याआधीच कंपनीनिहाय जागा आणि शिक्षणाची अट दिसते. ‘नामांकित कंपन्यांमध्ये भरती, दहावी ते पदवीधर, आजच या’ एवढंच लिहिलेला पत्ता-फोनाचा कागद मात्र बहुधा एजंटाचा असतो. तो सोडून दिलेला बरा.

यादी हातात आली की नावं तपासायची. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘Establishment Search’ नावाची सोय आहे. तिला लॉगिन लागत नाही. आस्थापनेचं नाव टाकलं की ती नोंदलेली आहे का ते कळतं आणि पैसे भरल्याच्या तपशिलात कुठल्या महिन्याला किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला, तेही दिसतं. दोनशे जागा भरतो म्हणणाऱ्याच्या नावावर गेल्या महिन्यात अकरा कर्मचारी दिसले, तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. अर्थात नवी कंपनी लहान असू शकते, आणि काही आस्थापना वेगळ्याच नावाने नोंदलेल्या असतात. नुसत्या आकड्यावरून कुणाला लबाड ठरवता येत नाही.

खरी मेख मेळाव्यातल्या टेबलापाशी असते. मागे फलक मोठ्या वाहन कंपनीचा, समोर बसलेला माणूस मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचा! यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण उमेदवाराला ते माहीत हवं. त्यासाठी प्रश्न सरळ विचारावा: ‘सर, पगाराची स्लिप कुणाच्या नावाची निघणार?’ उत्तर ‘सेम कंपनीसारखंच आहे’ असं आलं, की नोकरी ठेकेदाराकडे आहे असं धरून चालावं आणि पोर्टलवर त्या ठेकेदाराचं नाव शोधावं.

दुसरा प्रश्न पगार की विद्यावेतन, हा. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर मिळतं ते विद्यावेतन. त्यावर पीएफ नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर करारात लिहिलं असेल तरच. आयटीआय झालेल्या मुलाला मोठ्या कारखान्यातलं असं वर्ष उपयोगी पडतं. मात्र करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का, हे तिथेच विचारून घ्यावं.

मग पगार. समजा, लातूरचा एक डिप्लोमाधारक चाकणच्या कारखान्यासाठी मुलाखत देतोय आणि फलकावर ‘18,000’ आहे. हा आकडा बऱ्याचदा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाचा असतो. त्यात एकूण पगार साधारण 16,000 आणि पीएफसाठी धरलेलं मूळ वेतन 12,000 असेल, तर उरलेले दोन हजार कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय यांतच जातात. पुढे त्याच्या वाट्याचा पीएफ 1,440, ईएसआय 120 आणि व्यवसाय कर 200 कापले की हातात 14,240 उरतात. खोली आणि मेस यातूनच. म्हणून ‘हातात किती?’ याच्या जोडीला ‘किती तासांचे?’ हेही विचारावं. काही ठिकाणी फलकावरचा आकडा बारा तासांच्या पाळीचा निघतो, म्हणजे ओव्हरटाइम आधीच त्यात मोजलेला.

पैसे मागितले तर काय? खासगी कंपनीच्या नावाने कुणी नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षणापोटी स्वतःच्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवायला सांगितलं, तर तिथून उठावं. सरकारी कंपन्यांचं गणित वेगळं असतं. कलिनाच्या भरतीलाही पाचशे रुपये शुल्क होतं, पण ते जाहिरातीत छापलेलं आणि कंपनीच्या नावे काढायच्या डिमांड ड्राफ्टने.

मेळाव्यात हाती पडणारा कागद बहुतेकदा ‘प्राथमिक निवडी’चा असतो. त्यावर रुजू होण्याची तारीख, पगार आणि कामाचं ठिकाण नसेल, तर तो नेमणुकीचा कागद नव्हे आणि त्याच्या भरवशावर चालू नोकरी सोडू नये. गुणपत्रिका ‘पडताळणीसाठी’ मागितल्या, तर मूळ प्रती समोर दाखवून लगेच परत घ्याव्यात आणि मागे फक्त झेरॉक्स ठेवाव्यात.