सगळे रोजे झाले, पण पाळी कुठे गेली?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आता आपल्याही घरांतून पुढे येऊ लागल्या आहेत. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ४ किलोचा गोळा फेकणे अशी मैदानी चाचणी द्यावी लागते. तिच्यासाठी कुळगावातील एखादी मुलगी फजरनंतर धावायला जाते, घाईत चहा-बिस्किटे घेऊन कॉलेजसाठी लोकल पकडते आणि संध्याकाळी पुन्हा व्यायाम करते. वजन वाढू नये म्हणून रात्रीचा भातही कमी करते. दोन-चार महिन्यांनी तिची पाळी लांबते, मग येईनाशी होते. आपल्या घरांत याची खूण अनेकदा रमजानमध्ये दिसते. दर वर्षी पाळीमुळे तिचे पाच-सहा रोजे राहत आणि नंतर त्यांची कजा करावी लागे. या वर्षी एकही रोजा सुटला नाही. अम्मीला बरे वाटते. पण एवढी मोठी गोष्ट नजरेतून सुटते ती इथेच.

व्यायामाने पाळी जातेच, असा समज मैदानावर सर्रास आहे. तो खरा नाही. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या संशोधक ॲन लाऊक्स यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. व्यायामात जेवढी शक्ती खर्च झाली तेवढे जास्तीचे अन्न स्त्रियांना दिले, तेव्हा पाळीच्या संप्रेरकांचे चक्र बिघडले नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढच्या प्रयोगात नियमित पाळी येणाऱ्या २९ तरुणींचा आहार पाच दिवस वेगवेगळ्या पातळ्यांवर कमी केला होता. एका पातळीखाली आहार जाताच मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेश मंदावला. त्याला पाच दिवस पुरले. म्हणजे दोष धावण्याचा नाही, धावून झाल्यावर शरीराला काय उरले त्याचा आहे. या उरलेल्या शक्तीलाच डॉक्टर ‘उपलब्ध ऊर्जा’ म्हणतात.

हा हिशेब घरी कागदावर मांडता येतो. समजा मुलीचे वजन ५२ किलो आहे. त्यातली चरबी वजा केली तर साधारण ३९ किलो उरतात. हृदय, मेंदू, स्नायू, हाडे हे सारे त्यातच आले. सकाळचा चहा आणि बिस्किटे १५० कॅलरी, डब्यातल्या दोन चपात्या आणि भाजी ३५०, दुपारचा वडापाव आणि चहा ३५०, रात्रीच्या दोन चपात्या, सालन आणि थोडा भात ६५०. एकूण झाल्या १५००. ती रोज सहा किलोमीटर धावते. किलोमीटरमागे दर किलो वजनाला सुमारे एक कॅलरी लागते, म्हणजे धावण्यात ३१२ गेल्या. गोळाफेक आणि दंड-बैठका धरून खर्च ४०० समजू. १५०० मधून ४०० गेले, उरले ११००. त्याला ३९ ने भागले की उत्तर येते २८.

निरोगी तरुणीला हा आकडा ४५ च्या आसपास लागतो आणि लाऊक्स यांच्या प्रयोगात ३० च्या खाली गडबड सुरू झाली. ही ३० ची रेघ प्रत्येकीला सारखी लागू पडत नाही. कुणाची पाळी त्याआधीच बिघडते, कुणाची त्याखालीही काही काळ टिकते. घरचा हिशेब अंदाजाचाच असतो. पण तूट मोठी आहे की नाही, एवढे त्यातून नक्की कळते. आपल्या उदाहरणात ती सुमारे ६५० कॅलरींची आहे.

गंमत म्हणजे एवढी तूट असूनही वजनकाटा हलेलच असे नाही. मिळकत घटली की घरात आधी रंगरंगोटी थांबते, चूल चालू राहते. शरीरही तसेच वागते. श्वास आणि हृदय चालू ठेवते आणि पाळी, हाडांची डागडुजी, अंगातली ऊब यांवरचा खर्च कापते. म्हणून मुलगी बारीक दिसत नाही, पण तिला सतत थंडी वाजते, सर्दी-ताप वारंवार येतो, झोप लागत नाही, चिडचिड होते आणि महिनाभर कसून सराव करूनही धावण्याची वेळ सुधारत नाही.

सर्वांत मोठी किंमत हाडे मोजतात. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन कमी, आणि हाडे राखण्याचे काम तेच करते. १९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी पाळी बंद झालेल्या खेळाडू स्त्रियांच्या कण्याची हाडे मोजली. त्यांचे सरासरी वय २५ होते, पण कण्याची घनता ५१ वर्षांच्या बाईइतकी भरली. अशा हाडाला धावताना बारीक चीर जाते. नडगी नुसती दुखते आणि बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ उठते, यात फरक आहे. एका जागची कळ, चालतानाही किंवा रात्री पडल्यावरही होणारी, ही चिरेची खूण आहे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा धावू नये. एका वर्षात अशी दुसरी दुखापत झाली तर बुटांना दोष देण्याआधी ताट तपासावे.

सलग तीन महिने पाळी आली नाही किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. विवाहितेने आधी गर्भचाचणी करावी. थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि पीसीओएस यांची तपासणीही लागते. इथे एक घोटाळा होतो. पाळी चुकली की सरसकट पीसीओएस धरून वजन कमी करायला सांगितले जाते. पीसीओएसच्या काही रुग्णांना तो सल्ला योग्य असतो, पण कमी खाणाऱ्या मुलीला तो अधिकच खोल नेतो. म्हणून रोज किती धावते आणि काय खाते हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. गोळ्या देऊन महिन्याला रक्तस्राव आणता येतो, पण तो गोळीचा असतो. तूट भरून निघत नाही आणि हाडांनाही त्याने खात्रीचे संरक्षण मिळत नाही.

उपाय ताटातच आहे. दोन चपात्या, मूठभर शेंगदाणे, एक पेला दूध, एक केळे आणि दोन खजूर यांत जवळपास ६५० कॅलरी येतात. त्यातले केळे आणि खजूर धावायच्या आधी, दूध आणि शेंगदाणे परतल्यावर लगेच आणि चपात्या डब्यात वाढवल्या तर पोटावर ताण येत नाही. पाळी परतायला काही महिने लागू शकतात, हाडांना त्याहून जास्त, आणि गेलेली घनता पूर्ण भरून येईलच असे नाही. तोवर धावणे कमी करावे. चीर असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण बंद ठेवावे.

रमजानमध्ये उपाशी राहण्याचे तास वाढतात, पण खाण्याचे प्रमाण घटलेच पाहिजे असे नाही. इफ्तार, तरावीहनंतरचे जेवण आणि सहेरी असे तीन वेळा पोटभर खाल्ले तर हिशेब जुळू शकतो. नुसती भजी-सरबत आणि सहेरीला झोप, असे झाले तर जुळत नाही. कसून सराव इफ्तारनंतर करावा. ज्या मुलीची पाळी आधीच बंद आहे किंवा हाडाला चीर आहे, ती आजारी आहे, आणि आजाऱ्याला रोज्यांची सवलत आहे. त्याचा निर्णय डॉक्टर आणि जाणत्या आलिमांना विचारून घ्यावा.

मुलांनाही हे होते. फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी ठळक खूण नसते. टेस्टोस्टेरॉन घटते, उत्साह मावळतो, हाडे दुखतात. १६०० मीटरसाठी धावणारा मुलगा वजन घटवायला रात्रीचे जेवण सोडत असेल, तर त्याचाही हिशेब याच कागदावर मांडा.

मुलीला हे अब्बांसमोर सांगता येत नाही आणि मैदानावरच्या सरांना तर नाहीच. म्हणून अम्मीने, खालाने किंवा मोठ्या बहिणीने तिला पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगावे आणि महिन्यातून एकदा ती पाहावी. सलग तीन महिने रकाना कोरा राहिला, तर भरतीची तारीख कितीही जवळ असो, आधी दवाखाना.