न दिसणाऱ्या पट्टीवर उभे राहिलेले वेळापत्रक

बांधकामाच्या साइटवर किंवा सरकारी कचेरीच्या भिंतीवर एक तक्ता हमखास दिसतो. डावीकडे कामांची यादी असते, वर किंवा खाली तारखा असतात आणि प्रत्येक कामासमोर एक आडवी पट्टी असते. पट्टी जिथे सुरू होते त्या दिवशी काम सुरू होते आणि जितकी लांब तितके दिवस चालते. याला गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो रूढ केला. त्याच्याही आधी, 1896 मध्ये, कॅरोल अदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने अशाच कल्पनेचा तक्ता तयार केला होता.

हा तक्ता एक्सेलमध्ये करायला बसलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती म्हणजे चार्टच्या यादीत गँट नावाचा प्रकारच नसतो. तिथे बार असतात, पण ते सगळे डाव्या कडेपासून सुरू होतात. आपल्याला हवी असते मधूनच सुरू होणारी पट्टी. यावरचा उपाय असा की प्रत्येक कामासाठी एकाला एक जोडून दोन पट्ट्या काढायच्या. पहिली डाव्या कडेपासून कामाच्या सुरुवातीच्या तारखेपर्यंत आणि दुसरी तिथून पुढे कामाच्या दिवसांइतकी. मग पहिलीचा रंग काढून टाकायचा. एकापुढे एक पट्ट्या जोडणारा चार्ट, म्हणजे Stacked Bar, एक्सेलमध्ये आहेच.

तारीख म्हणजे एक आकडा

पण तारखेपर्यंत पट्टी कशी काढणार? लांबी आकड्याची असते, तारखेची नव्हे. एक्सेलपुढे हा प्रश्न येतच नाही, कारण तारीख ते आकडा म्हणूनच साठवते. 1 जानेवारी 1900 हा दिवस 1, त्यानंतर रोज एकेक वाढत जाणारा आकडा. 2 फेब्रुवारी 2026 म्हणजे 46055. सेलमध्ये आपल्याला दिसते ती या आकड्यावर चढवलेली तारखेची मांडणी. म्हणूनच तारखेत दिवस मिळवता येतात आणि म्हणूनच तिची पट्टीही काढता येते.

एक उदाहरण घेऊ. घराच्या गच्चीवर एक खोली चढवायची आहे आणि पावसाळ्याआधी ती पूर्ण व्हायला हवी. कामांची यादी अशी मांडली आहे. दिवस रविवार धरून मोजलेले आहेत.

```
     A                     B            C
1    काम                   सुरुवात       दिवस
2    कॉलम                  02-02-2026   10
3    सेंटरिंग, सळई, स्लॅब      12-02-2026   10
4    स्लॅबला पाणी मारणे       22-02-2026   14
5    वीटबांधकाम             09-03-2026   13
6    वायरिंगचे पाइप          23-03-2026   4
7    गच्चीचे वॉटरप्रूफिंग     23-03-2026   8
8    प्लास्टर आणि त्याला पाणी  27-03-2026   17
9    फरशी                  13-04-2026   7
10   रंग                    20-04-2026   10
```

चार्ट घालण्याआधी B2 ते B10 हे सेल निवडून त्यांची मांडणी तात्पुरती General करा. तारखांच्या जागी 46055, 46065 असे आकडे दिसतील. असे न केल्यास एक्सेल तारखांच्या स्तंभाला बरेचदा कामांच्या नावांसारखे लेबल समजते, आणि पट्ट्या फक्त दिवसांच्या उमटतात. आता A1 ते C10 निवडा आणि Insert मधून आडवा Stacked Bar घ्या. प्रत्येक ओळीत दोन रंगांची पट्टी येईल. पहिला रंग सुरुवातीचा, दुसरा दिवसांचा. एवढे झाले की B स्तंभाला पुन्हा तारखेची मांडणी द्या.

आता पहिल्या रंगाच्या कुठल्याही पट्टीवर क्लिक करून Format Data Series उघडा आणि Fill मध्ये No fill निवडा. कामांच्या पट्ट्या आपापल्या जागी तरंगताना दिसू लागतात. पहिल्या पट्ट्या नकोशा वाटून कीबोर्डवरची Delete दाबायची नाही. आधारच गेल्यामुळे सगळी कामे डाव्या कडेला येऊन चिकटतात. त्या पट्ट्या दिसत नसल्या तरी असायलाच हव्यात.

यादी मात्र उलटी आलेली असते, रंग वर आणि कॉलम खाली. कामांच्या नावांवर क्लिक करून Format Axis मध्ये Categories in reverse order वर खूण केली की क्रम सुलटा होतो. त्याबरोबर तारखांची रेघ वर जाते. ती खाली हवी असेल तर तिथेच At maximum category निवडायचे.

रेघ कुठून सुरू करायची

तारखांच्या रेघेची सुरुवात एक्सेल स्वतःच्या हिशेबाने ठरवते. ती आपल्या पहिल्या कामाच्या बरीच आधी पडू शकते आणि डावीकडे रिकामी जागा उरते. म्हणून तारखांवर क्लिक करून Format Axis मध्ये Minimum ला 46055, Maximum ला 46146 आणि Major ला 7 द्या. 46146 म्हणजे 4 मे. 2 फेब्रुवारी 2026 ला सोमवार आहे, त्यामुळे सात-सात दिवसांनी पडणारी प्रत्येक उभी रेघ सोमवारची होते आणि तक्ता आठवड्यांच्या हिशेबाने वाचता येतो.

पण एकदा स्वतः दिलेले हे आकडे आपोआप बदलत नाहीत. उद्या कॉलमचे काम 26 जानेवारीला सुरू करायचे ठरले, तर त्याची पट्टी 2 फेब्रुवारीपासूनच दिसेल, आधीचा आठवडा कापला जाईल. उजवीकडेही तेच. काम लांबून 4 मेच्या पुढे गेले तर पट्टी चार्टच्या कडेला येऊन थांबते. एक्सेल कुठलीही सूचना देत नाही. कडेला अगदी टेकलेली पट्टी दिसली की आधी Minimum आणि Maximum तपासावेत.

दुसरी गफलत तारीख टाइप करताना होते. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर 12/02/2026 म्हणजे 2 डिसेंबर धरले जाते आणि स्लॅबची पट्टी चार्टच्या बाहेर निघून जाते. त्याच सेटिंगवर 23/03/2026 लिहिले तर तेविसावा महिना नसल्याने एक्सेल ते नुसता मजकूर म्हणून ठेवते. मजकुराची किंमत शून्य, म्हणून त्या कामाची पट्टीच दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सेलची मांडणी आपण बदललेली नसेल तर खरी तारीख उजव्या कडेला सरकून बसते, मजकूर डाव्या कडेला. खात्री करायची असेल तर रिकाम्या सेलमध्ये हे लिहावे. उत्तर TRUE आले तर तारीख खरी.

```
=ISNUMBER(B6)
```

पट्टी संपते तो दिवस

कॉलमचे काम 2 फेब्रुवारीपासून 10 दिवस चालते, म्हणजे शेवटचा दिवस 11 फेब्रुवारी. चार्टवर मात्र पट्टीची उजवी कड 12 फेब्रुवारीला टेकते, कारण 46055 मध्ये 10 मिळवले की 46065 होतात. यात चूक काही नाही. ही कड अकराव्या तारखेचा पूर्ण दिवस संपल्याची आहे आणि पुढचे काम नेमके तिथूनच सुरू होते.

चूक होते ती दिवसांऐवजी शेवटची तारीख हातात असते तेव्हा. शेवटातून सुरुवात वजा करून थांबलो तर प्रत्येक कामाचा एक दिवस गळतो. एका दिवसात उरकणाऱ्या कामाची लांबी तर शून्य होते आणि ते चार्टवरून गायबच होते. वजाबाकीत नेहमी 1 मिळवायचा. शेवटची तारीख D मध्ये असेल तर दिवसांचे सूत्र असे:

```
=D2-B2+1
```

रविवार आणि सिमेंट

गवंडी रविवारी येत नाहीत, हे चार्टला ठाऊक नसते. वीटबांधकामाला कामाचे 12 दिवस लागतात. 9 मार्चच्या सोमवारी सुरू झालेले हे काम 21 मार्चच्या शनिवारी संपते, म्हणून यादीत 13 दिवस लिहिले आहेत. मधला रविवार पट्टीच्या पोटात गेला. हे बोटांवर मोजायचे नसेल तर शेवटची तारीख एक्सेलच सांगते. खालच्या सूत्रातला 11 म्हणजे सुटी फक्त रविवारी.

```
=WORKDAY.INTL(B5,12-1,11)
```

स्लॅबला पाणी मारण्याच्या 14 दिवसांना मात्र हे सूत्र लावायचे नाही, कारण सिमेंट रविवारीही मुरतच असते. पीपीसीसारखे मिश्र सिमेंट असेल तर काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवावे आणि शक्यतो 14 दिवसांपर्यंत न्यावे, असे भारतीय मानक 456 सांगते. माणसांचे काम आणि सामानाचा वेळ अशी ही दोन वेगळी मोजमापे एकाच यादीत असतात. ती ओळखून दिवस लिहिले तरच पट्ट्या खऱ्या ठरतात.

एक हलले की सगळे हलावे

आतापर्यंतच्या तारखा हाताने लिहिलेल्या आहेत. चार्टला एवढेच कळते की कुठली पट्टी कुठे आहे. स्लॅब झाल्याशिवाय भिंत उठत नाही, हे त्याला कळत नाही. ते यादीत सूत्राने सांगावे लागते. खाली ओळीने B3, B5 आणि B10 मधली सूत्रे दिली आहेत.

```
=B2+C2
=WORKDAY.INTL(B4+C4-1,1,11)
=MAX(B9+C9,B7+C7)
```

पहिल्यात, कॉलम संपले की दुसऱ्या दिवशी सेंटरिंग. दुसऱ्यात, पाणी मारणे 7 मार्चला संपते, त्यानंतरचा रविवार सोडून सोमवारी वीटबांधकाम. तिसऱ्यात, रंग दोन कामांसाठी थांबतो. फरशी आणि वॉटरप्रूफिंग यांपैकी जे उशिरा संपेल त्यानंतर. बाकीच्या ओळीही अशाच आपापल्या आधीच्या कामाला बांधून घ्यायच्या.

आता चार्टकडे पाहिले की दोन गोष्टी लगेच दिसतात. वॉटरप्रूफिंग 30 मार्चला संपते आणि रंग 20 एप्रिलला सुरू होतो. मधले 20 दिवस मोकळे आहेत, तेव्हा वॉटरप्रूफिंगवाला आठवडाभर उशिरा आला तरी पुढचे काही बिघडत नाही. कॉलम, स्लॅब, पाणी, वीट, पाइप, प्लास्टर, फरशी ही साखळी मात्र घट्ट आहे. तिच्यात वाया गेलेला जवळजवळ प्रत्येक दिवस शेवटाला जाऊन लागतो.

B2 मध्ये 2 फेब्रुवारीच्या जागी 23 फेब्रुवारी लिहून पाहा. सगळ्या पट्ट्या तीन आठवडे सरकतात आणि रंगाचा शेवट 29 एप्रिलवरून 20 मेला जातो. Maximum वाढवले नसेल तर ही शेवटची पट्टी दिसणारही नाही, म्हणून तो आकडा आधी पुढे न्या. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो. म्हणजे कंत्राटदाराने तीन आठवड्यांची मुदत मागितली तर द्यायला हरकत नाही, पण सहा आठवड्यांची दिली तर रंगाचे दिवस पावसात जातील. हा निर्णय पहिल्या कॉलमची सळई बांधायच्या आधी, एका सेलमधली तारीख बदलून घेता येतो.