पुल रिक्वेस्टपुरते आयुष्य

प्रिव्ह्यू एन्व्हायर्नमेंट म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या एकाच बदलासाठी उभी केलेली, स्वतःचा वेब-पत्ता असलेली चालती प्रत. प्रोग्रामर आपला बदल मुख्य कोडमध्ये थेट घालत नाही. तो पुल रिक्वेस्ट उघडतो, सहकारी ती तपासतात आणि मग बदल सामील होतो. तपासणाऱ्याला कोडच्या कोणत्या ओळी बदलल्या हे दिसते, पण पान उघडल्यावर काय होते ते ओळी वाचून कळत नाही. पुल रिक्वेस्ट उघडताच प्रिव्ह्यू आपोआप तयार झाला, तर डिझायनर, टेस्टर किंवा ग्राहकाकडचा माणूसही ब्राउझरमध्ये तो बदल वापरून पाहू शकतो. पुल रिक्वेस्ट बंद झाली की ही प्रत नष्ट व्हायची असते.

पूर्वी हे काम स्टेजिंग नावाच्या एकाच सामायिक सर्व्हरवर चाले. चाळीतल्या एकुलत्या एका नळासारखी त्याची गत असे: ज्याची बादली लागली त्याचे काम आधी, बाकीचे रांगेत. शिवाय दोघांचे बदल एकदम चढवले आणि पान बिघडले, तर बिघाड कोणाचा यावर अर्धा दिवस जाई. 2015-16च्या सुमारास हेरोकू आणि गिटलॅब यांनी ‘रिव्ह्यू अ‍ॅप’ या नावाने प्रत्येक बदलाला वेगळी प्रत देण्याची सोय आणली. नेटलिफाय आणि व्हर्सेल यांच्यामुळे साध्या संकेतस्थळांसाठी ती नेहमीची झाली. साधे संकेतस्थळ म्हणजे शेवटी काही फायली, त्यामुळे तिथे खर्चाचा प्रश्न फारसा येत नाही. मागे सर्व्हर आणि डेटाबेस असला की मात्र मीटर सुरू होतो.

समजा, बस आरक्षणाचे एक अ‍ॅप आहे. त्याचे भाग तीन: प्रवाशाला दिसणारे पान, भाडे काढणारी एपीआय सेवा आणि पोस्टग्रेस डेटाबेस. कोड गिटहबवर आहे आणि सगळे कुबरनेटिसच्या क्लस्टरवर चालते. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीचा हिशेब बदलणारी 482 क्रमांकाची पुल रिक्वेस्ट उघडली जाते. गिटहब अ‍ॅक्शन्स तो कोड घेऊन कंटेनर इमेज बांधते, क्लस्टरमध्ये `pr-482` नावाची नेमस्पेस तयार करते, तिच्यात तिन्ही भाग चढवते आणि `pr-482.preview.example.com` हा पत्ता पुल रिक्वेस्टखाली टिप्पणी म्हणून लिहून ठेवते. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये नवा कमिट आला तर नवी प्रत निघत नाही, आहे तीच अद्ययावत होते. सगळे काही एका नेमस्पेसमध्ये कोंबण्याचा हेतू शेवटासाठी असतो, कारण `kubectl delete namespace pr-482` या एका आज्ञेत आतले सारे जाते. निदान तशी अपेक्षा असते.

प्रत्येक प्रिव्ह्यूला पत्ता नवा लागतो, पण म्हणून डीएनएसमध्ये दर वेळी नोंद करावी लागत नाही. `*.preview.example.com` अशी एकच वाइल्डकार्ड नोंद पुरते. प्रमाणपत्राचेही तसेच करावे. लेट्स एनक्रिप्ट एका नोंदणीकृत डोमेनला आठवड्याला 50 नव्या प्रमाणपत्रांची मर्यादा घालते, आणि दर पुल रिक्वेस्टला वेगळे प्रमाणपत्र मागणारा उत्साही संघ तिथे सहज अडकतो.

डेटाबेस हा या प्रकरणातला अवघड भाग. खऱ्या प्रवाशांची नावे आणि फोन नंबर असलेला डेटा प्रिव्ह्यूमध्ये नेणे चूकच, आणि रिकाम्या डेटाबेसवर सवलत तपासता येत नाही. म्हणून बनावट प्रवासी, दोन-चार मार्ग आणि काही आरक्षणे असलेला छोटा नमुना डेटाबेस आधीच तयार ठेवतात. प्रत्येक प्रिव्ह्यूमध्ये वेगळा पोस्टग्रेस चालवण्याऐवजी एकाच सामायिक पोस्टग्रेसमध्ये नमुन्यावरून `pr_482` हा डेटाबेस काढला तर काम सेकंदांत होते:

```sql
CREATE DATABASE pr_482 TEMPLATE sample;
```

अट एकच. ही आज्ञा चालताना नमुना डेटाबेसला दुसरे कोणी जोडलेले नसावे, नाहीतर पोस्टग्रेस नकार देतो. हा मार्ग स्वस्त आहे, पण त्याने एक गाठ बसते: हा डेटाबेस नेमस्पेसच्या बाहेर असल्यामुळे नेमस्पेस पुसली तरी तो उरतो. त्याला वेगळे पुसावे लागते.

आता खर्च. आपल्या उदाहरणातला एक प्रिव्ह्यू 1 सीपीयू आणि 2 जीबी मेमरी मागतो असे धरू. 20 पुल रिक्वेस्ट उघड्या असतील तर 20 सीपीयू आणि 40 जीबी. प्रिव्ह्यू कोणी उघडतो की नाही, याने यात फरक पडत नाही. कुबरनेटिस यंत्रांवर जागा वाटताना प्रत्यक्ष वापर पाहत नाही, मागितलेली जागा पाहते. जागा संपली की ऑटोस्केलर नवे यंत्र भाड्याने घेतो. त्यामुळे रात्रभर कोणी न पाहिलेल्या प्रिव्ह्यूचेही भाडे पूर्ण लागते. तरीही 20चा आकडा परवडतो, कारण उघड्या पुल रिक्वेस्ट साधारण तेवढ्याच राहतात. बिल फुगते ते मेलेल्या पुल रिक्वेस्टच्या जिवंत प्रिव्ह्यूंमुळे. आठवड्याला फक्त 5 मागे राहिले, तरी सहा महिन्यांत 130 होतात.

ते मागे राहतात कसे? पहिले कारण अगदी किरकोळ आहे. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये `pull_request` एवढेच लिहिले तर उघडणे, नवा कमिट येणे आणि पुन्हा उघडणे या तीनच घटनांवर काम सुरू होते. बंद होणे त्यात धरलेले नाही. ते सांगावे लागते:

```yaml
on:
  pull_request:
    types: [opened, synchronize, reopened, closed]
```

बदल सामील झाला काय किंवा नुसता टाकून दिला काय, घटना `closed` हीच असते. पण एवढ्याने भागत नाही. पुल रिक्वेस्टचा मुख्य कोडशी मर्ज कॉन्फ्लिक्ट असेल, तर गिटहब `pull_request`ची कामे चालवतच नाही. आणि कंटाळून सोडून दिलेल्या पुल रिक्वेस्टमध्येच असा कॉन्फ्लिक्ट हमखास असतो. म्हणजे ज्या प्रती पुसण्याची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच निसटतात. पुसण्याचे काम `pull_request_target`वर टाकले तर ते कॉन्फ्लिक्ट असतानाही चालते. या घटनेला गुप्त किल्ल्या मिळत असल्याने तिच्यात बाहेरच्या माणसाचा कोड चालवणे धोक्याचे मानतात, ते बरोबरच आहे. मात्र पुसायला पुल रिक्वेस्टचा कोड लागत नाही, नुसता क्रमांक पुरतो.

तिसरे कारण वेळेचे. शेवटच्या कमिटची इमेज बांधली जात असतानाच कोणी पुल रिक्वेस्ट बंद करतो. पुसणे दहा सेकंदांत उरकते. पाच मिनिटांनी बांधणी पूर्ण होते आणि चढवणारे काम, नेमस्पेस नाही असे पाहून, ती नव्याने तयार करते. आता तिला पुसणारी घटना पुन्हा कधीच येणार नाही. एकाच पुल रिक्वेस्टची कामे एकाच `concurrency` गटात ठेवली तर ती एकामागून एक चालतात आणि ही शर्यत टळते.

नेमस्पेस पुसूनही मागे काही उरू शकते. डिस्कच्या व्हॉल्यूमचे धोरण `Retain` असेल, तर क्लस्टरमधला दावा जातो, पण क्लाउडवरची डिस्क राहते आणि कोणत्याही यंत्राला जोडलेली नसतानाही तिचे भाडे चालू राहते. प्रिव्ह्यूसाठी धोरण `Delete`च हवे. कधी नेमस्पेस `Terminating` या अवस्थेत दिवसेंदिवस अडकते. आतल्या एखाद्या वस्तूवर फायनलायझर लावलेला असतो आणि तो काढणारा कंट्रोलर त्याआधीच गेलेला असतो. अशा वेळी फायनलायझर हाताने काढून टाकण्याचा मोह होतो. नेमस्पेस त्याने सुटते, पण तो फायनलायझर क्लाउडवरचा लोड बॅलन्सर आवरण्यासाठी ठेवलेला असेल, तर तो लोड बॅलन्सर बेवारस होऊन बिलात राहतो.

घटना कितीही काळजीपूर्वक जोडल्या तरी एखादी चुकणारच. म्हणून जाणकार संघ पुसण्याची जबाबदारी घटनांवर एकट्याने टाकत नाहीत. प्रिव्ह्यू तयार होतानाच नेमस्पेसवर पुल रिक्वेस्टचा क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहिली जाते, आणि दर तासाला एक झाडूवाला प्रोग्राम फिरतो. तो दोन याद्या घेतो, क्लस्टरमधल्या `pr-` नेमस्पेसची आणि गिटहबवरच्या उघड्या पुल रिक्वेस्टची. पहिलीत आहे पण दुसरीत नाही, किंवा मुदत उलटली आहे, असे जे दिसेल ते तो पुसतो. `pr_` डेटाबेसही याच फेरीत निघतात. झाडू किती काम करतो ही संख्या पाहण्यासारखी असते. ती शून्याच्या आसपास असेल तर घटना नीट जोडल्या आहेत, आणि रोज चार-पाच निघत असतील तर वर सांगितलेल्यांपैकी एखादी गळती चालू आहे.

झाडूही चुकतो, आणि त्याची चूक उलट्या दिशेची असते. गिटहबची एपीआय पुल रिक्वेस्टची यादी एका पानाला 30 अशी देते. पुढची पाने मागायची राहिली, तर 30च्या पुढच्या जिवंत पुल रिक्वेस्टचे प्रिव्ह्यू दर तासाला गायब होतात, आणि संघ लहान असताना हा दोष दिसतही नाही. टोकनची मुदत संपून एपीआयने नकार दिला आणि प्रोग्रामने त्या नकाराचा अर्थ ‘उघडी पुल रिक्वेस्ट एकही नाही’ असा घेतला, तर सगळेच प्रिव्ह्यू एका फेरीत जातात. म्हणून यादी मिळवताना कुठलीही चूक झाली तर काहीच न पुसता थांबायचे, आणि एका फेरीत पुसण्याला कमाल मर्यादा घालायची, हे दोन नियम झाडूत पहिल्या दिवसापासून लागतात.

उरतो तो जिवंत प्रिव्ह्यूंचा रिकामा वेळ. आठवड्याचे तास 168. सोमवार ते शुक्रवार रोज 12 तास धरले तर काम 60 तासांचे, म्हणजे जेमतेम 36 टक्के. रात्री आणि शनिवार-रविवारी पान आणि एपीआय यांच्या प्रतींची संख्या शून्यावर आणली तर बाकीच्या वेळेतली जागा मोकळी होते आणि ऑटोस्केलर यंत्रे परत करतो. डेटाबेस सामायिक असल्याने टेस्टरने भरलेली आरक्षणे सकाळी जिथल्या तिथे असतात. परदेशातला सहकारी रात्री काम करत असेल, तर त्याच्या पुल रिक्वेस्टला `keep` असे लेबल लावून ती झोपेतून वगळता येते. मात्र या लेबललाही मुदत घालावी लागते, कारण लावलेले लेबल आठवणीने काढणारा माणूस क्वचितच सापडतो.