आचारी, आचार्य आणि पृथ्वीगोलाची कळ

समजा, सांगलीतल्या एका लग्नघरातून काकांचा पुण्याच्या पुतण्याला निरोप येतो: ‘आचार्यांना पाच वाजता गाडी पाठव.’ पुतण्या आज्ञाधारक. गाडी पाठशाळेच्या दारात जाऊन उभी राहते आणि तिकडे जिलेबी तळणारी मंडळी कढया-झारे घेऊन एसटी स्टँडवर ताटकळतात. काकांना म्हणायचे होते ‘आचाऱ्यांना’. फरक एका ‘र’चा. काकांचा आयफोन दोन्ही शब्द लिहू शकतो, पण त्यासाठी त्यात आधी मराठी कीबोर्ड हवा आणि तो कसा चालतो हे ठाऊक हवे.

कीबोर्ड बसवायला मिनिटभर लागते. Settings उघडून General, त्यात Keyboard आणि मग Keyboards असे जायचे. तिथे सध्या सुरू असलेल्या कीबोर्डांची यादी दिसते. बहुधा त्यात English आणि Emoji एवढेच असते. खालच्या Add New Keyboard… वर बोट ठेवले की भाषांची लांबलचक यादी येते. त्यातून Marathi निवडायचे, मांडणीवर खूण करायची आणि Done म्हणायचे. यात फोनची भाषा बदलत नाही. मेन्यू, सूचना, तारखा सगळे होते तसेच राहते. वाढते ती फक्त लिहिण्याची सोय. घरातली ज्येष्ठ मंडळी ‘आता माझा सगळा फोनच मराठी होईल’ या धास्तीने इथवर येऊन परत फिरतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

यादीत Hindi सुद्धा असते. लिपी एकच, मग हिंदी घेतले तर काय बिघडले, असे अनेकांना वाटते. अक्षरे उमटतील, पण वरच्या पट्टीतल्या सूचना हिंदी शब्दकोशातून येतील आणि ‘आहे’ लिहू पाहणाऱ्याला ‘है’कडे ढकलत राहतील. शिवाय ‘ळ’, ‘ऱ’, ‘ॲ’ ही मराठीची रोजची गरज. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली; त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई. तेव्हा Marathi हाच पर्याय बरा.

कीबोर्ड आला की पृथ्वीगोल दिसू लागतो. ज्यांच्याकडे फक्त इंग्रजी आणि इमोजी आहे, त्यांना त्या जागी हसरा चेहरा दिसतो. दुसरी भाषा आल्यावरच तिथे गोल येतो. होम बटण नसलेल्या फोनवर तो कीबोर्डच्या खाली, डाव्या कोपऱ्यात असतो. होम बटणाच्या फोनवर तो शेवटच्या ओळीत, 123 च्या शेजारी बसलेला असतो.

गोलावर एकदा टिचकी मारली की पुढचा कीबोर्ड येतो आणि स्पेसबारवर त्या भाषेचे नाव क्षणभर झळकते. मराठी, इंग्रजी, हिंदी आणि इमोजी असे चार कीबोर्ड असले, तर टिचकी मारत जाणे म्हणजे वर्तुळाकार प्रवास. हवे ते स्थानक एका डुलकीत निघून गेले की पुन्हा पूर्ण फेरी. त्यापेक्षा गोलावर बोट दाबून धरावे. सगळ्या कीबोर्डांची यादी वर येते. बोट न उचलता हव्या त्या नावावर सरकवायचे आणि तिथे सोडायचे. त्याच यादीत Keyboard Settings असते, म्हणजे सुरुवातीची ती सगळी पायपीटही टळते. क्रम बदलायचा असेल तर Keyboards च्या पानावर Edit करून नावे वरखाली ओढता येतात. न लागणारी हिंदी तिथूनच काढून टाकली की फेरी आपोआप आखूड होते.

आता काकांचा निरोप.

मराठीच्या नेहमीच्या मांडणीत स्वरचिन्हे डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात. हे कुणा कंपनीच्या लहरीने झालेले नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आणलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीची ही रचना आहे आणि बंगाली, गुजरातीपासून तमिळपर्यंतच्या लिप्यांना तीच लागू आहे. ‘क’ शिकला की इतर लिप्यांतला ‘क’ही त्याच जागी सापडतो. शिफ्टची बाणाची कळ दाबली की ‘क’च्या जागी ‘ख’ आणि कान्याच्या जागी ‘आ’ येतो. पहिले दोन दिवस अक्षरे शोधण्यात जातात, हे मात्र खरे.

‘आचाऱ्यांना’ लिहायला दहा अक्षर-चिन्हे लागतात, या क्रमाने: आ, च, काना, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. यातली किल्ली चौथी आहे. साधा ‘र’ घेऊन हलन्त आणि ‘य’ दिला, तर ‘र’ रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर बसतो: ‘र्या’. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेतला तरच ‘ऱ्या’ उमटते. हा ‘ऱ’ शिफ्टच्या पानावर शोधावा. चटकन दिसला नाही तर ‘र’वर बोट दाबून धरून पाहावे. दऱ्या आणि दर्या यांतला फरकही असाच: एकीकडे सह्याद्री, दुसरीकडे समुद्र. पाठवण्यापूर्वी ‘य’च्या डोक्याकडे एक नजर टाकली की चूक ओळखू येते. डोक्यावर आकडी दिसली, तर गाडी पाठशाळेत जाणार.

रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवायची असेल, तर तीही वाट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या iOS 18 पासून इंग्रजीबरोबर आणखी दोन भारतीय भाषा एकाच कीबोर्डवर घेऊन रोमनमधून लिहिता येतात. ज्यांना इन्स्क्रिप्ट नको, त्यांच्यासाठी त्याच आवृत्तीत वर्णमालेच्या क्रमाने लावलेली मांडणीही आली. रोमनची वाट सोपी खरी, पण लग्नघरात तिच्यावर विसंबू नये. acharyanna असे टाइप केले तर त्यात आचारी आहेत की आचार्य, हे त्या रोमन अक्षरांतच नसते. सूचनांच्या पट्टीत नीट पाहून निवडणे हाच उपाय, आणि घाईत पाहतो कोण?

निरोपात पुढे हॉलवाल्याचा ई-मेल द्यायचा असेल, तर गोलावर टिचकी, रोमनमध्ये पत्ता, पुन्हा टिचकी आणि ‘वर हिशेब पाठव’. पासवर्डच्या चौकटीत मात्र मराठी कीबोर्ड गोलाच्या यादीत मिळत नाही. फोन बिघडलेला नसतो. तिथे इंग्रजी वळणाचाच कीबोर्ड मिळतो. चौकट सोडून बाहेर आले की मराठी परत हजर.

मेसेजेस ॲपची एक सवय इथे कामी येते. कोणत्या माणसाशी शेवटी कोणत्या कीबोर्डवरून लिहिले, हे ते लक्षात ठेवते. काकांशी मराठीत आणि ऑफिसातल्या साहेबांशी इंग्रजीत बोलणाऱ्या पुतण्याला संवाद उघडल्यावर बहुतेक वेळा गोलाला हातही लावावा लागत नाही. पण काकांना एकदा घाईत ‘ok’ असे इंग्रजीत लिहिले, की पुढच्या वेळी त्यांच्या चौकटीत इंग्रजी कीबोर्ड वाट पाहत असतो.