खो-खो शिकवताना आधी बैठक, मग खांबाचा सूर, शेवटी सलग खोची साखळी

चौक (मिरा-भाईंदर) : जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. कर्णधार प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे हे दोघंही महाराष्ट्राचे. त्या सामन्यांचे व्हिडिओ मोबाईलवर पाहिलेली मुलं पहिल्याच दिवशी खांबाला सूर मारायला जातात. पण सहावी ते आठवीच्या मुलांना क्रमाने शिकवावं लागतं. आधी बसणं-उठणं, मग सूर, आणि शेवटी साखळीने पाठलाग. १८ मुलं असतील तर नऊ-नऊचे दोन संघ करून प्रत्येक भागाला दोन तास, असे सहा तास पुरतात.

नियमाचं मैदान २७ बाय १६ मीटरचं असतं. शाळेच्या पटांगणात तेवढी जागा नसेल तर चौकोनांमधलं अंतर कमी करावं, पण चौकोन आठच ठेवावेत.

बैठक : चौकोन ३० सेंटिमीटरचा. दोन्ही पाय आत, टाचा उचललेल्या, हातांची बोटं पुढे जमिनीला टेकलेली. शेजारच्या दोघांची तोंडं उलट दिशांना हवीत.

समजा, मैदानाची एक बाजू समुद्राकडे आहे, दुसरी डोंगराकडे. १, ३, ५, ७ क्रमांकाची मुलं डोंगराकडे तोंड करून बसली, तर २, ४, ६, ८ समुद्राकडे. पाठलाग करणारा समुद्राच्या बाजूने एककडून आठकडे पळतोय. पळणारा गडी चार आणि पाचच्या मधून डोंगराच्या बाजूला निसटला. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, मागेही वळता येत नाही. म्हणून तो पाचच्या पाठीला हात लावून त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणतो. पाच डोंगराच्या बाजूला उठतो, आणि खो देणारा लगेच त्याच्या जागी डोंगराकडेच तोंड करून बसतो.

चूक इथेच होते. ज्या बाजूने आला त्याच बाजूला, म्हणजे समुद्राकडे तोंड करून मूल बसतं. मग चार, पाच, सहा तिघंही समुद्राकडे पाहतात. पुढच्या वेळी समुद्राच्या बाजूने पळणाऱ्याला तीनपासून सातपर्यंत खो द्यायला पाठच मिळत नाही आणि पळणारा आरामात सुटतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मध्येच शिट्टी वाजवून सगळ्यांना जागीच थांबवावं आणि समुद्राच्या किंवा डोंगराच्या बाजूला उभं राहून ओळीकडे पाहावं. चेहरा, पाठ, चेहरा, पाठ असं दिसलं तर बरोबर. ‘खो’ ऐकायच्या आधीच कुणाची बैठक सुटते, तेही तिथूनच दिसतं.

खांबाचा सूर : खांब १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असतो. पळणारा खांबाच्या पलीकडे वळला की पाठलाग करणारा एका हाताने खांब धरतो, अंग पुढे झोकून देतो आणि मोकळ्या हाताने त्याला टिपतो. आधी हे चालत करून घ्यावं. खांब धरायचा, पाय रोवायचा, हात लांबवायचा. मग तीन पावलं धावत, आणि पलीकडे जोडीदार स्थिर उभा. तो जमला तरच पूर्ण वेगात. खांब तासून गुळगुळीत केलेला आणि पक्का रोवलेला असावा, पलीकडची माती भुसभुशीत करून खडे वेचलेले असावेत. छाती खांबावर आपटत असेल तर मूल खांबाच्या फार जवळ येऊन झेप घेतंय. हात सुटत असेल तर ते फार लांबून झेपावतंय. दोन्ही वेळी पुन्हा चालण्यावर यावं.

सलग खो : आता पळणाऱ्याला प्रत्येक बसलेल्या मुलाच्या मधून नागमोडी जायला सांगावं. याला एकेरी साखळी म्हणतात. सुरुवातीला पळणारा आणि पाठलाग करणारा दोघंही चालतात. वरच्या उदाहरणात पाच उठून आठकडे निघाला. पळणारा सात-आठच्या मधून समुद्राकडे परतला, तर खो आठला द्यायचा, कारण डोंगराच्या बाजूने पाठ आठचीच दिसते. सातला देता येत नाही, त्याचं तोंड समोर आहे. हे मुलांनी न विचारता केलं की मग वेग वाढवावा.

एक अडचण मात्र राहतेच. चपळ दोघा-तिघांनाच खो मिळत राहतो आणि बाकीची मुलं तासभर नुसती बसून असतात. त्यासाठी सरावापुरता एक नियम करावा, की आठही चौकोनांना एकेकदा खो मिळाल्याशिवाय त्याच चौकोनाला दुसरा खो नाही. पळणारा यात जास्त वेळा सुटेल. पण शेवटच्या चौकोनातलं मूलही उठेल, दिशा घेईल आणि पळेल. सामना खेळताना हा नियम काढून टाकावा.