दुसरा मंगळवार, सकाळी अकरा

समजा, पुण्यातल्या एका कार्यालयात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी 11 वाजता आढावा बैठक असते. व्यवस्थापक ती कॅलेंडरमध्ये एकदाच नोंदवतो. मग अगदी 2040 सालचा डिसेंबर उघडला तरी 11 तारखेच्या चौकटीत बैठक हजर! एवढ्या वर्षांच्या तारखा डेटाबेसमध्ये कुणी भरल्या? कुणीच नाही. तिथे जेमतेम एवढंच असतं:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260113T110000
RRULE:FREQ=MONTHLY;BYDAY=2TU
```

वरच्या ओळीत पहिल्या बैठकीची तारीख, वेळ आणि ती वेळ कुठल्या प्रदेशाची हे आहे. खालच्या ओळीत नियम आहे: दर महिन्याला, दुसरा मंगळवार. नियम लिहिण्याची ही पद्धत 'आयकॅलेंडर' या मानकातली. त्याची 2009 सालची आवृत्ती आजही पायाभूत मानली जाते, आणि गूगल, ॲपल, आउटलुक यांची कॅलेंडरं एकमेकांना निमंत्रणं धाडतात ती याच भाषेत.

तारखा तयार होतात त्या कुणी पान उघडलं की. एप्रिल 2026 उघडला, तर रविवारपासून आठवडा धरणाऱ्या पानावर 29 मार्च ते 2 मे एवढे दिवस दिसतात. प्रोग्रॅम डेटाबेसला विचारतो, 2 मेपर्यंत सुरू झालेले आणि 29 मार्चच्या आधी न संपलेले नियम कोणते? हे चटकन सांगता यावं म्हणून नियमाची शेवटची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवतात. नियमाला शेवटच नसेल तर रकाना कोरा. मग हाती आलेला प्रत्येक नियम उलगडायचा. 1 एप्रिलला बुधवार, म्हणजे पहिला मंगळवार 7ला आणि दुसरा 14ला. ही 14 तारीख कुठेही साठवली जात नाही; पान मिटलं की तीही गेली.

पण 14 एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती. कार्यालय बंद, म्हणून बैठक बुधवारी, 15 तारखेला ढकलली जाते. आता नियमाला हात लावला तर बाकीचे सगळे महिने बिघडतील. त्यामुळे अपवादांचा वेगळा तक्ता ठेवतात. त्यात या बैठकीची एक नोंद: कोणता नियम, मूळ वेळ 14 एप्रिल 11 वाजता, नवी वेळ 15 एप्रिल 11 वाजता. नोंदीची ओळख मूळ तारखेवरून ठरते, नव्या नव्हे. नियम उलगडताना 14 तारीख आली की प्रोग्रॅम या तक्त्यात डोकावतो, मूळ बैठक गाळतो आणि नवी दाखवतो.

इथे एक खास चूक हमखास होते. महिन्याच्या पानावर सगळं ठाकठीक दिसतं, पण कुणी फक्त 15 एप्रिलचा दिवस उघडला की पान रिकामं! कारण त्या एका दिवसापुरता नियम उलगडला तर हाती काहीच लागत नाही, आणि मंगळवारच आला नाही तर अपवाद शोधायला जाणार कोण? इलाज सोपा आहे. नियम उलगडण्याव्यतिरिक्त, नवी वेळ या दिवसात पडते असे अपवादही वेगळे मागवायचे. कॅलेंडर तपासायचं असेल तर बैठक शेजारच्या दिवशी सरकवून दोन्ही दिवस एकेकटे उघडून पाहावेत.

दुसरी गोम घड्याळाची. भारतात घड्याळ वर्षभर एकच चालतं, म्हणून इथे बसून केलेल्या चाचण्यांत ती सहसा सापडत नाही. मायक्रोसॉफ्ट 2003 सालापासून विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. त्यांची नेहमीची वेळ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळचे 10. फेब्रुवारी 2026मध्ये 10 तारखेला तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा. 8 मार्चला अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकतात, आणि 10 मार्चला भारतातली वेळ होते रात्री साडेदहा. नियमाची वेळ ग्रिनिचच्या घड्याळात बदलून साठवली असेल, तर मार्चपासून कॅलेंडर तासभर चुकतं. म्हणून स्थानिक वेळ आणि `America/Los_Angeles` हे प्रदेशाचं नाव, दोन्ही जसंच्या तसं साठवायचं. रूपांतर तारीख काढून झाल्यावर.

सिडनीत तर याच दुरुस्त्या बुधवारी पहाटे पोचतात. तिथल्या कुणी 'दुसरा बुधवार' असा नियम टाकला, तर बहुतेक महिने बरोबर जुळतात. एप्रिल 2026 मात्र बुधवारीच सुरू होतो: नियम 8 तारीख दाखवतो आणि दुरुस्त्या येतात 15ला.